डॅशबोर्डवरील संचित बेरीज आणि दिनांकाचा फिल्टर-संदर्भ : सांताक्रूझ व कुलाबा येथील पर्जन्यनोंदींच्या आधारे एक विवेचन

सारांश

वर्षाच्या किंवा हंगामाच्या आरंभापासून निवडलेल्या दिनांकापर्यंतची बेरीज डॅशबोर्डवर दाखविताना ती भलत्याच दिवसापासून नव्याने सुरू होते, असा अनुभव अनेकदा येतो. या दोषाचे एक महत्त्वाचे कारण असे, की गणनासूत्र वापरकर्त्याने निवडलेला दिनांकाचा फिल्टर काढून टाकते आणि त्याबरोबर 'बेरीज कोठपर्यंत करावयाची' ही माहितीही गमावते. मुंबईच्या उपनगरातील सांताक्रूझ व दक्षिण मुंबईतील कुलाबा या दोन वेधशाळांच्या पर्जन्यनोंदींचे उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखात हा दोष कसा घडतो, तो लपून कसा राहतो, कसा ओळखावा व कसा दूर करावा याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : संचित बेरीज, फिल्टर-संदर्भ, दिनांक-सारणी, पॉवर बीआय, डॅक्स, हंगामी पाऊस.

१. प्रास्ताविक

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत झालेल्या अतिवृष्टीची नोंद करताना दोन वेधशाळांच्या आकड्यांत विलक्षण तफावत आढळली. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत सुमारे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाबा वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांच्या पावसाचा अभ्यास करणाऱ्यास शहराचा एकच आकडा पुरत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले. मुंबई महानगरपालिका आजही आपल्या पर्जन्यमापकांची आकडेवारी शहर, पूर्व उपनगरे व पश्चिम उपनगरे अशा तीन भागांत देते.

पावसाच्या अभ्यासात दिवसाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो तो '१ जूनपासून आजपर्यंत' झालेला एकूण पाऊस. ही संचित बेरीज होय. महाविद्यालयाच्या लेखाविभागात १ एप्रिलपासूनचा खर्च मोजतात, तीच ही पद्धत; केवळ आरंभदिन वेगळा. अशी बेरीज कागदावर करणे सोपे असते. परंतु मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयसारख्या साधनात ती डॅक्स या सूत्रभाषेत लिहावी लागते आणि तेथे एका विशिष्ट चुकीमुळे उत्तर पूर्णपणे बदलू शकते. ही चूक गणिताची नसते. सूत्र बेरीज अचूकच करते; मात्र ज्या दिवसांची बेरीज करावयास हवी होती ते दिवस सोडून दुसऱ्याच दिवसांची करते.

२. गणना कोणत्या नोंदींवर चालते?

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने या दोन वेधशाळांच्या दैनिक नोंदींचा डॅशबोर्ड तयार केला आहे. त्यात दोन मुख्य सारण्या आहेत. `Rain` या सारणीत वेधशाळा, दिनांक व मिलिमीटरमधील पाऊस आहे. `Date` या दिनांक-सारणीत १ जानेवारी २००४ ते ३१ डिसेंबर २००६ या काळातील प्रत्येक दिवसाची एक ओळ असून, त्या दिवसाचा महिना व वर्ष यांचे स्वतंत्र रकाने आहेत. दोन्ही सारण्या दिनांकाने जोडलेल्या आहेत. मूळ गणनासूत्र, ज्यास पॉवर बीआयमध्ये मेजर म्हणतात, अगदी साधे आहे :

```
Rain mm = SUM ( Rain[mm] )
```

या सूत्रात दिनांकाचा उल्लेख नाही. तरीही वापरकर्त्याने स्लायसरवर 'जुलै २००५' निवडले, की त्याच सूत्राचे उत्तर त्या महिन्यापुरते येते. याचे कारण असे, की सूत्र चालण्यापूर्वीच वापरकर्त्याच्या निवडीने सारणीतील इतर ओळी झाकल्या जातात आणि उरलेल्या ओळींवरच बेरीज होते. कोणत्या ओळी उघड्या व कोणत्या झाकलेल्या, या स्थितीस फिल्टर-संदर्भ असे म्हणतात. प्रत्येक कार्डाचा, तक्त्यातील प्रत्येक चौकटीचा फिल्टर-संदर्भ स्वतंत्र असतो.

संचित बेरजेची अडचण येथेच सुरू होते. वापरकर्त्याने जुलै निवडला, की जून झाकला जातो. परंतु १ जूनपासूनची बेरीज करावयाची तर जून उघडा असावयास हवा. म्हणजे दिनांकाचा फिल्टर काही प्रमाणात दूर करणे अपरिहार्य ठरते. त्याच वेळी, बेरीज ३१ जुलैला थांबावयास हवी, ही माहितीही त्याच फिल्टरमध्ये आहे. अन्यत्र कोठेही नाही. वापरकर्त्याची निवड अशा प्रकारे दोन कामे करते : ती ओळी झाकते आणि बेरजेचा शेवटचा दिवस सांगते. पहिले काम रद्द करावयाचे, पण दुसरे जपावयाचे, हा या प्रश्नाचा गाभा होय.

३. चूक कशी घडते?

डॅक्समध्ये `TOTALYTD` हे संचित बेरजेसाठीचे तयार सूत्र आहे. ते सध्याच्या फिल्टर-संदर्भात दिसणारा शेवटचा दिनांक शोधते, तो ज्या वर्षात येतो त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जाते आणि या दोन दिवसांमधील सर्व नोंदींची बेरीज करते. वर्ष ३१ मे रोजी संपते असे सांगितले, की ते १ जूनला आरंभ मानते. ते सांगितले नाही तर आरंभदिन १ जानेवारी धरला जातो.

पुष्कळदा असे घडते, की जून महिना बेरजेत यावा या हेतूने, 'फिल्टर काढावा लागतो' एवढेच ध्यानात ठेवून, संपूर्ण सूत्राभोवती `ALL` चे आवरण घातले जाते :

```
Season Rain =
CALCULATE (
    TOTALYTD ( [Rain mm], 'Date'[Date], "5-31" ),
    ALL ( 'Date' )
)
```

सूत्र निर्दोष दिसते आणि कोणताही त्रुटी-संदेश येत नाही. तथापि त्यातील कामाचा क्रम लक्षात घ्यावयास हवा. `CALCULATE` प्रथम बाहेरचा फिल्टर बदलते व मगच आतील सूत्र चालविते. `ALL ( 'Date' )` मुळे दिनांक-सारणीवरील सर्व निवड पुसली जाते. त्यानंतर `TOTALYTD` शेवटचा दिनांक शोधते, तेव्हा त्यास वापरकर्त्याचा ३१ जुलै २००५ दिसत नाही. सारणीचा अखेरचा दिवस, म्हणजे ३१ डिसेंबर २००६ दिसतो. त्यावरून ते १ जून २००६ पर्यंत मागे जाते आणि २००६ च्या हंगामाची बेरीज देते.

वापरकर्त्याने २७ जुलै २००५ निवडलेला असतो. पडद्यावर शीर्षकही तेच असते. परंतु दिसणाऱ्या आकड्यात सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर अंतर्भूतच नसतात. आकडा शून्य नाही, ऋण नाही, अवास्तवही नाही. मुंबईच्या एका संपूर्ण पावसाळ्याचा तो आकडा असल्याने त्यावर सहसा कोणी शंका घेत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने तो आपल्या प्रबंधिकेत उतरवून घेतला, तर २००५ च्या नावाखाली २००६ चा पाऊस छापला जातो.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. `ALL` हे नाव डॅक्समध्ये दोन भूमिका पार पाडते. `CALCULATE` च्या फिल्टरस्थानी ते थेट लिहिले, की ते निवड पुसणारी आज्ञा ठरते. मात्र `FILTER ( ALL ( 'Date' ), 'Date'[Date] <= MAX ( 'Date'[Date] ) )` अशा रचनेत ते केवळ सर्व दिवसांची यादी पुरविते. निवड पुसत नाही. म्हणून त्या रचनेतील `MAX` ला वापरकर्त्याचा दिनांक दिसतच राहतो आणि बेरीज योग्य दिवशी थांबते. '`ALL` वापरले की बेरीज बिघडते' असा सरसकट नियम त्यामुळे करता येत नाही. ते कोणत्या जागी आहे, हे पाहावे लागते. २०१९ मध्ये डॅक्समध्ये आलेले `REMOVEFILTERS` हे नाव केवळ पहिल्या भूमिकेसाठीच वापरता येते. त्यामुळे सूत्र वाचणाऱ्यास हेतू चटकन कळतो.

४. दोष लपून का राहतो?

या दोषाचे वैशिष्ट्य असे, की डॅशबोर्ड तयार करणाऱ्याच्या चाचणीत तो बहुधा आढळत नाही. काहीही न निवडता डॅशबोर्ड उघडला, तर फिल्टर पुसण्याजोगा नसतोच. शेवटचा दिवस दोन्ही प्रकारे सारणीचाच अखेरचा दिवस असतो व योग्य आणि अयोग्य सूत्रांचे उत्तर तंतोतंत जुळते. सर्वांत ताजा दिवस निवडला तरी हाच अनुभव येतो.

अनेक ठिकाणी दिनांक-सारणी ठरावीक दिवशी न संपता रोज 'आज'पर्यंत वाढत जाईल, अशी बांधलेली असते. तेथे दोष आणखी खोल दडतो. चालू हंगामाचा आकडा रोज बरोबर येतो. सप्टेंबरअखेर हंगाम संपतो, तरीही मागील सप्टेंबरची निवड केलेले पान बरोबर दिसते, कारण 'आज' अद्याप त्याच जून ते मे या वर्षात असतो. पुढील वर्षाचा १ जून उजाडताच मात्र सूत्र नव्या हंगामात शिरते. ३० सप्टेंबरची निवड तशीच असलेल्या पानावर काल संपूर्ण हंगामाचा आकडा होता, आज तेथे पहिल्या दिवसाचा पाऊस किंवा कोरी जागा दिसते. वापरकर्त्यास वाटते, की जुन्या नोंदी नष्ट झाल्या. वस्तुतः नोंदी जागच्या जागी असतात. बेरीज मात्र नव्याने सुरू झालेली असते, आणि तीही वापरकर्त्याच्या दिनांकावरून नव्हे, तर सारणीच्या अखेरच्या ओळीवरून.

असाच प्रकार दिनांक-सारणी एका वर्षाने पुढे वाढविली असता घडतो. वरील उदाहरणात ती ३१ डिसेंबर २००७ पर्यंत नेली व २००७ च्या नोंदी अद्याप भरलेल्या नसतील, तर प्रत्येक निवडीला हंगामी पावसाचे कार्ड कोरे दिसेल. पाऊस मोजणाऱ्या सारणीस कोणी हात लावलेला नसतानाही आकडे नाहीसे झाले, तर हाच दोष आहे असे प्रथम मानून तपास करावा.

५. ओळखण्याची रीत : दिवस मोजणे

पावसाच्या आकड्यावरून चूक ओळखणे कठीण, कारण योग्य आकडा कोणता हे तपासणाऱ्यास पाठ नसते. म्हणून पावसाऐवजी दिवस मोजावेत. किती दिवसांची बेरीज झाली, हे दिनदर्शिकेवरून कोणालाही पडताळता येते. यासाठी संशयित सूत्राची प्रत घेऊन त्यातील `[Rain mm]` च्या जागी दिवसांची संख्या ठेवावी. बाकीची रचना तशीच राखावी :

```
Days Counted =
CALCULATE (
    TOTALYTD ( COUNTROWS ( 'Date' ), 'Date'[Date], "5-31" ),
    ALL ( 'Date' )
)
```

स्लायसरवर एकेक महिना निवडून या सूत्राचे उत्तर पाहावे. खालील तक्त्यात योग्य उत्तर आणि दोन प्रकारच्या दोषांत येणारी उत्तरे दिली आहेत. पहिला दोष म्हणजे वर चर्चिलेला, ज्यात निवड संपूर्ण पुसली जाते. दुसरा त्याच्या नेमका उलट असून त्यात महिन्याचा फिल्टर पुसलाच जात नाही.

| निवड | योग्य दिवस | निवड पूर्ण पुसल्यास | महिना न पुसल्यास |
|---|---|---|---|
| निवड नाही | २१४ | २१४ | २१४ |
| जून २००५ | ३० | २१४ | ३० |
| जुलै २००५ | ६१ | २१४ | ३१ |
| मे २००६ | ३६५ | २१४ | ३१ |

जुलै २००५ साठी जूनचे ३० व जुलैचे ३१ मिळून ६१ दिवस येतात. २१४ ही संख्या १ जून ते ३१ डिसेंबर २००६ या दिवसांची आहे. कोणताही महिना निवडला तरी एकच संख्या येत राहणे, ही निवड पुसली गेल्याची खूण होय.

शेवटच्या स्तंभातील दोष दिनांक-सारणीच्या बांधणीतून येतो. सारण्या दिनांकाऐवजी `20050727` अशा पूर्णांकाने जोडलेल्या असतील आणि `Date` ही सारणी पॉवर बीआयमध्ये दिनांक-सारणी म्हणून चिन्हांकित केलेली नसेल, तर `TOTALYTD` केवळ दिनांकाचा रकाना मोकळा करते. महिन्याच्या रकान्यावरील फिल्टर तसाच राहतो. परिणामी बेरीज दर महिन्याच्या १ तारखेला नव्याने सुरू होते. या दोषावर उपाय शोधताना अनेकजण बाहेरून `ALL` लावतात आणि एका चुकीतून दुसऱ्या चुकीत जातात. वास्तविक तेथे सारणी चिन्हांकित करणे एवढाच उपाय पुरेसा असतो.

तक्त्यातील पहिल्या दोन ओळींवरून चाचणी कशी करू नये हेही कळते. निवड नसताना तिन्ही उत्तरे समान येतात, आणि हंगामाच्या पहिल्या महिन्यात दुसरा दोष दिसूनच येत नाही. म्हणून चाचणीसाठी आधीच्या वर्षातील व हंगामाच्या पहिल्या महिन्यानंतरचा महिना निवडणे आवश्यक आहे.

६. दुरुस्ती

दिनांक-सारणी योग्य रीतीने चिन्हांकित असेल, तर बाहेरचे `CALCULATE` व `ALL` काढून टाकणे हीच सर्वांत सोपी दुरुस्ती. `TOTALYTD` शेवटचा दिनांक आधी वाचते आणि आवश्यक तेवढा फिल्टर नंतर स्वतःच दूर करते.

काही वेळा आरंभदिन व शेवट सूत्रात स्पष्टपणे लिहिणे अधिक सोयीचे असते. अशा वेळी निवड पुसण्यापूर्वी शेवटचा दिनांक चलामध्ये जतन करावा :

```
Season Rain =
VAR LastDay = MAX ( 'Date'[Date] )
VAR FirstDay =
    DATE ( YEAR ( LastDay ) - IF ( MONTH ( LastDay ) < 6, 1, 0 ), 6, 1 )
RETURN
    CALCULATE (
        [Rain mm],
        ALL ( 'Date' ),
        'Date'[Date] >= FirstDay && 'Date'[Date] <= LastDay
    )
```

येथेही `ALL` आहे. परंतु `LastDay` चे मूल्य `CALCULATE` च्या बाहेर, वापरकर्त्याची निवड शाबूत असताना निश्चित झालेले आहे. चलाचे मूल्य एकदा ठरले, की पुढे फिल्टर बदलला तरी ते बदलत नाही. `FirstDay` मध्ये महिना जूनच्या आधीचा असल्यास एक वर्ष मागे जाण्याची सोय आहे. त्यामुळे मे २००६ निवडल्यास आरंभ १ जून २००५ येतो. मग निवड पुसली जाते व तिच्या जागी नेमके हे दोन दिवस व त्यांमधील काळ ठेवला जातो. २७ जुलै २००५ निवडल्यास ५७ दिवसांची बेरीज होते आणि सांताक्रूझच्या आकड्यात त्या अतिवृष्टीचा समावेश होतो. `LastDay` ची ओळ `CALCULATE ( MAX ( 'Date'[Date] ), ALL ( 'Date' ) )` अशी लिहिली, तर मात्र चल वापरूनही जुना दोष परत येतो.

`ALL` मध्ये कोणती सारणी लिहिली आहे, हेही पाहावे. `ALL ( 'Date' )` ने वेधशाळेची निवड अबाधित राहते. त्याऐवजी `ALL ( Rain )` लिहिले, तर नोंदींच्या सारणीवरील सर्वच निवड पुसली जाते व सांताक्रूझ आणि कुलाबा यांचा पाऊस एकत्र मिळविला जातो. ९४४ व ७३ यांची बेरीज करून येणाऱ्या १,०१७ मिलिमीटरला कोणताही भौगोलिक अर्थ नाही.

७. जे दोष नाहीत

दुरुस्तीनंतरही काही आकडे अनपेक्षित वाटू शकतात. ते सूत्राचे दोष समजू नयेत. हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी ८:३० ला संपतो व त्या वेळी मोजलेला मागील चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेस नोंदला जातो. म्हणून २६ जुलैच्या दुपारी व रात्री कोसळलेला पाऊस २७ जुलैच्या नोंदीत येतो. वापरकर्त्याने शेवटचा दिवस २६ जुलै निवडला, तर ५६ दिवसांच्या योग्य बेरजेतही ते ९४४ मिलिमीटर दिसणार नाहीत.

तसेच १० जुलै ते २७ जुलै असा काळ निवडला, तरी संचित बेरीज १ जूनपासूनच होते. निवडीचा आरंभ तीत विचारात घेतला जात नाही. निवडलेल्या काळापुरताच पाऊस हवा असल्यास `Rain mm` हे मूळ सूत्र पाहावे. दोन्ही कार्डांची शीर्षके त्यांतील काळ स्पष्ट करणारी असल्यास गोंधळ टळतो. शक्य झाल्यास संचित आकड्याशेजारी `FirstDay` व `LastDay` यांचे दिनांकही छापावेत.

८. निष्कर्ष

संचित बेरजेसाठी दिनांकाचा फिल्टर दूर करावाच लागतो. दोष फिल्टर काढण्यात नसून तो वाचण्यापूर्वी काढण्यात आहे. शेवटचा दिनांक आधी निश्चित करावा, निवड नंतर पुसावी व पुसलेल्या निवडीच्या जागी आरंभ ते शेवट हा काळ ठेवावा, या क्रमाने लिहिलेले सूत्र दिनांक-सारणी कितीही पुढे वाढविली तरी बदलत नाही. हाच विचार ३१ मेऐवजी ३१ मार्च धरून महाविद्यालयाच्या शुल्कवसुलीस वा अनुदानाच्या खर्चास जसाच्या तसा लागू पडतो; तेथे जून २००५ ची निवड केल्यास मोजलेले दिवस ९१ आले पाहिजेत. ते आले नाहीत, तर रकमेचा आकडा कितीही विश्वसनीय वाटला, तरी तो अहवालात घेण्यापूर्वी सूत्र तपासणे आवश्यक ठरते.